डायरीतली चुकलेली एसटी

इंग्रजी सुधारावं म्हणून डायरी धरणाऱ्यांची वही पंधरवड्यातच एका सुरात वाजू लागते. आय वोक अप, आय टुक बाथ, आय वेन्ट टू ऑफिस. सुरुवातीला हे चालतं. रोज पाच-सहा वाक्यं पुरेत. शब्द अडला तर तिथे मराठी शब्द लिहून पुढे जावं, शब्दकोश नंतर उघडावा. पण महिन्याभराने हीच सोय नडते, कारण येत नाही ते टाळायची डायरीत पूर्ण मुभा असते.

अवघडपणा वाढवायचा म्हणजे जड शब्द पेरायचे, असं अनेकांना वाटतं. खरं तर वाढवायची ती वाक्यरचना. समजा, एसटी चुकली. पहिल्या महिन्यातली नोंद अशी: 'आय वेन्ट टू द स्टँड. द बस लेफ्ट.' बस आधीच सुटली होती की डोळ्यांदेखत गेली, हे यातून कळत नाही. पुढच्या महिन्यात दोन घटनांचा क्रम एकाच वाक्यात आणायचा: 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड ऑलरेडी लेफ्ट.' मग दुसऱ्याचं बोलणं: 'द कंट्रोलर सेड द नेक्स्ट वन वुड कम ॲट टेन.' इथे आपण हमखास अडखळतो. मराठीत 'पुढची दहाला येईल, असं ते म्हणाले' यात 'येईल' तसंच राहतं. इंग्रजीत मात्र 'विल'चं सहसा 'वुड' होतं. त्यानंतर न घडलेल्या गोष्टी: 'इफ आय हॅड लेफ्ट होम अर्लिअर, आय वुड हॅव कॉट इट.' एक रचना तीन-चार आठवडे रोज वापरावी आणि विचार न करता हाताखालून उतरू लागली की पुढची घ्यावी.

पानावर कुठेच थबकावं लागलं नाही, तर पायरी सोपी झाली. आधी मराठीत लिहून मग उलथा करावा लागत असेल, तर ती फार उंच आहे. एक पायरी खाली यावं.

तपासायला कुणी नसलं की चुका मुरतात. म्हणून डावं पान कोरं ठेवून रविवारी आठवड्याच्या नोंदी वाचाव्यात आणि एका खेपेला एकच चूक शोधावी: एका रविवारी फक्त 'डिड नॉट वेन्ट'सारखा दुहेरी भूतकाळ, पुढच्या रविवारी राहून गेलेले 'अ' आणि 'द'. 'टुक बाथ'मधला 'अ' तेव्हा सापडतो. सगळ्या चुका एकदम शोधू गेलं, की निम्म्या नजरेतून निसटतात. आपल्याला माहीतच नसलेली चूक मात्र अशी दिसणार नाही. त्यासाठी महिन्यातून एखादं पान जाणकाराला दाखवावंच लागतं.

आणि डायरीमुळे जीभ आपोआप सुटत नाही. लिहिताना थांबायला वेळ असतो, बोलताना नसतो. बोलणंही हवं असेल, तर लिहून झाल्यावर वही मिटावी आणि तोच प्रसंग कुणाला तरी तोंडी सांगावा.