आधी कार्डाचे देणे की अडीअडचणीची शिल्लक?

उधारीवर माल देताना व्यापारी व्याजाचा हिशेब चोख ठेवतो; पण घरातील क्रेडिट कार्डाच्या बाबतीत तीच दृष्टी पुष्कळदा हरवते. उदाहरणादाखल एक किराणा व्यापारी घेऊ. त्याच्या कार्डावर १,५०,००० रुपये थकले आहेत आणि बँकेत १,६०,००० रुपयांची मुदत ठेव आहे. संकटकाळासाठी राखलेली ती ठेव मोडण्यास त्याचे मन तयार होत नाही.

आता जमाखर्च मांडून पाहू. कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्के धरले तर ५,२५० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याचा भुर्दंड ६,१९५ रुपये. उलट साडेसहा टक्क्यांच्या ठेवीवर महिन्याकाठी मिळतात सुमारे ८६७ रुपये. व्यापाऱ्याने किमान देय म्हणून ७,५०० रुपये भरले, तर मुद्दल जेमतेम १,३०५ रुपयांनी घटते. शिवाय थकबाकी असताना बिनव्याजी मुदत मिळत नाही. नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते.

मग सगळी ठेव कार्डात भरावी का? तेही योग्य नव्हे. उद्या रुग्णालयात अनामत भरावी लागली आणि हाती रोकड नसली, तर पुन्हा कार्डच पुढे करावे लागेल. रिकामी झालेली कार्डाची मर्यादा हा भरवशाचा आधार नाही. बँक ती कमीही करू शकते. कार्डावरून रोख काढल्यास शुल्क आणि त्याच दिवसापासूनचे व्याज दोन्ही लागतात.

म्हणून मधला मार्ग असा. या घराचा अत्यावश्यक मासिक खर्च ४५,००० रुपये आहे. तेवढी रक्कम बचत खात्यात ठेवून उरलेले १,१५,००० रुपये कार्डात भरावेत. ठेव मुदतीपूर्वी मोडल्याने व्याजात होणारी घट कार्डाच्या एका महिन्याच्या भुर्दंडापुढे किरकोळ ठरते. राहिलेले ३५,००० रुपये, घरखर्च भागून दरमहा २०,००० रुपये उरत असतील तर, व्याजासह दोन महिन्यांत फिटतात. तोवर कार्ड वापरू नये.

देणे संपताच तेच २०,००० रुपये शिल्लकेकडे वळवावेत. साडेचार महिन्यांत ९०,००० रुपयांची भर पडून तीन महिन्यांच्या खर्चाची तरतूद होते. पगारदाराला एवढी पुरू शकेल. पण ज्याची कमाई वसुलीवर अवलंबून असते, त्याने सहा महिन्यांपर्यंत जावे. हे पैसे दुकानाच्या खात्यापासून वेगळे असावेत. एरवी हंगामात माल भरताना तेच प्रथम खर्ची पडतात आणि आजारपण आले की कार्ड पुन्हा बाहेर निघते.