खिडकीचं माप सांगा, सामानाची यादी घ्या

ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बहुधा दुकानात तयार मिळत नाही. भिंतीतल्या जागेचं माप घेऊन, ग्राहक सांगेल ती काच आणि तो रंग लावून ती बनवून घ्यावी लागते. काचा चार प्रकारच्या, रंग सहा, कुलपं तीन आणि मच्छरदाणीची जाळी हवी किंवा नको, एवढेच पर्याय धरले तरी 144 प्रकारच्या खिडक्या होतात. मापांची तर गणतीच नाही. इतक्या खिडक्यांच्या सामानाच्या याद्या आधीच लिहून ठेवणं कुणालाच शक्य नाही. तरीही विक्रेत्याला ग्राहकासमोर बसून भाव सांगायचा असतो आणि कारखान्याला नळ्या किती लांबीच्या कापायच्या हे कळायला हवं असतं.

हे काम करणाऱ्या प्रणालीला कॉन्फिगरेटर म्हणतात. विक्रेत्याला पडद्यावर दिसतात ते पाच-सहा प्रश्न. खरं काम त्यांच्या मागे चालतं. तिथे कोणत्याही एका खिडकीची नव्हे, तर सगळ्या खिडक्यांची मिळून एकच मोठी यादी असते आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीला एक अट जोडलेली असते. जाळी हवी असेल तर जाळीचा पल्ला घ्या, आणि त्याला तिसरा रूळ लागतो म्हणून दोन रुळांची चौकट वगळून तीन रुळांची घ्या. विक्रेत्याने उत्तरं भरली की अट न जुळणाऱ्या ओळी गळून पडतात. उरते ती त्या खिडकीची यादी, म्हणजेच कारखान्यातला बीओएम.

काही ओळींत मात्र नगसंख्येऐवजी सूत्र असतं. उदाहरणासाठी एका कारखान्याची वजावट अशी धरू: काचेची रुंदी म्हणजे खिडकीच्या रुंदीच्या निम्म्यातून 100 मिलिमीटर वजा, आणि काचेची उंची म्हणजे खिडकीच्या उंचीतून 160 वजा. चौकटीची जाडी, पल्ल्यांच्या पट्ट्या आणि दोन पल्ले मध्यभागी एकमेकांवर येतात तो भाग, हे सगळं त्या दोन आकड्यांत आलं. 1500 रुंद आणि 1200 उंच खिडकीला मग 650 बाय 1040 च्या दोन काचा लागतील. काचेचं वजन काढणं सोपं आहे. एक मिलिमीटर जाड, एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते. पाच मिलिमीटरची काच घेतली तर इथे प्रत्येक पल्ल्यात साडेआठ किलोच्या आसपास काच येते.

हे वजन महत्त्वाचं आहे, कारण पल्ला ज्या रोलरवर सरकतो त्याची निवड त्यावर ठरते. समजा, काच 30 किलोपर्यंत असेल तर साधा रोलर आणि त्यापुढे जड रोलर, असा नियम आहे. जड रोलर आकाराने मोठा असल्यामुळे पल्ल्याची खालची पट्टी 20 मिलिमीटर उंच घ्यावी लागते आणि तेवढीच काच कमी होते. आता ग्राहकाने आवाज आत येऊ नये म्हणून सहा-सहा मिलिमीटरची दुहेरी काच मागितली. खिडकी 1800 रुंद आणि 1415 उंच. काच आली 800 बाय 1255 आणि तिचं वजन 30.12 किलो. प्रणालीने जड रोलर निवडला. त्यामुळे काचेची उंची 1235 वर आली आणि वजन 29.64 किलो झालं. म्हणजे साधा रोलर पुरेल! तो घेतला की काच पुन्हा 30 च्या वर जाते. ढिसाळ बांधलेली प्रणाली इथे गोल गोल फिरत बसते. त्याहून वाईट म्हणजे कुठल्यातरी फेरीत थांबून ती साधा रोलर आणि उंच पट्टी अशी न जुळणारी जोडी यादीत टाकते. कागदावर ही चूक दिसत नाही. पल्ला जोडायला घेतल्यावर कारागिराच्या ती लक्षात येते, आणि तोवर काच कापून झालेली असते. यावरचा उपाय म्हणजे रोलर नेहमी पहिल्या, मोठ्या काचेच्या वजनावरूनच ठरवायचा आणि एकदा ठरला की मागे फिरायचं नाही. सीमेवरच्या काही खिडक्यांना थोडा महागडा रोलर लागेल, पण यादी खात्रीची राहील. असा निर्णय कामाची जाण असलेल्या माणसाने घ्यायचा असतो. तो प्रोग्रॅमरवर सोडणं मला चुकीचं वाटतं.

भावाचंही असंच आहे. आपल्याकडे खिडकीचा भाव चौरस फुटावर सांगायची पद्धत आहे आणि ती ग्राहकाला पटकन समजते. पण न्हाणीघराच्या 600 बाय 600 च्या सरकत्या खिडकीचं क्षेत्रफळ मघाच्या 1500 बाय 1200 च्या खिडकीच्या एक पंचमांश असतं, तर बाहेरच्या चौकटीची लांबी 2.4 मीटर, म्हणजे 5.4 मीटरच्या निम्म्याला थोडीच कमी. रोलर दोन्हींत चारच, कुलूपही तेवढंच, कापणी-जोडणीची मेहनतही जवळपास सारखीच. चौरस फुटाच्या एकाच दराने लहान खिडकीत तोटा होतो आणि मोठी खिडकी विनाकारण महाग पडते. कॉन्फिगरेटर भाव त्याच यादीवरून काढतो: प्रत्येक ओळीचं सामान गुणिले दर, वर कापताना वाया जाणारा माल, मजुरी आणि नफा. यादी आणि भाव दोन वेगळ्या जागी ठेवले की एक दिवस ते एकमेकांपासून दूर जातात. ग्राहकाला सांगितलेली काच एक आणि कापलेली दुसरी, असं होतं.

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे व्हॅक्स संगणक ग्राहकाच्या मागणीप्रमाणे जोडले जात. ऑर्डरमध्ये एखादी केबल किंवा कपाटाचा भाग राहून गेला की ते जोडताना कळे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅकडरमॉट यांनी 1978 पासून त्यासाठी नियमांवर चालणारी प्रणाली रचली. कंपनीत ती एक्सकॉन या नावाने 1980 च्या दशकात वापरात होती. सुरुवातीला हजाराहून कमी असलेले नियम पुढे हजारोंच्या घरात गेले. नवे भाग बाजारात येत राहिल्यामुळे त्यांतले बरेचसे दरवर्षी बदलावे लागत. नियम लिहिण्याहून ते सांभाळणं अवघड, हे तिथे ठळकपणे दिसलं.

खिडक्यांच्या कारखान्यालाही हे चुकत नाही. रोलरचा पुरवठादार बदलला, 30 ची मर्यादा 28 झाली, की एक नियम बदलायचा. त्याचा धक्का कुठवर बसेल, हे नुसतं वाचून कळत नाही. म्हणून शंभरेक जुन्या, तपासलेल्या ऑर्डरी जपून ठेवाव्यात आणि प्रत्येक बदलानंतर त्या पुन्हा चालवून पाहाव्यात. जी यादी किंवा जो भाव बदलायला नको होता तो बदललेला दिसला, तर नवा नियम थांबवायचा. मार्चमध्ये दिलेल्या कोटेशनची ऑर्डर जूनमध्ये आली तर काय, हाही प्रश्न पडतो. कोटेशनसोबत त्या दिवशीची यादी आणि भाव जपून ठेवलेले असावेत. ऑर्डर आली की निवडी नव्या नियमांवर पुन्हा चालवायच्या आणि दोन्हींतला फरक माणसाला दाखवायचा. कुलपाचं जुनं मॉडेल बंद झालं असेल तर ग्राहकाला फोन करून विचारावं लागेल. प्रणालीने ते गुपचूप बदलू नये.

आणि कमानीची खिडकी? तिच्यासाठी सूत्रच नाही. अशा वेळी जवळचं माप टाकून काम भागवण्याची मुभा विक्रेत्याला नसावी. ‘खास ऑर्डर’ची वेगळी वाट असावी, जी थेट इंजिनिअरकडे जाते आणि भाव दोन दिवसांनी देते. त्या वाटेने काय येतं याची नोंद ठेवावी. कमानीच्या ऑर्डरी दर महिन्याला येऊ लागल्या, तर पुढचा नियम कोणता लिहायचा ते तिथेच ठरतं.