देवदर्शनाच्या फोटोखाली काय लिहावं?

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या एका पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. गडाचं बांधकाम त्यांनी पाहिलं. पायरीवर लिहिलंय एवढंच: सेवेचे ठायी तत्पर, आणि पुढे नाव. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांची धूळ आपल्या नावावर पडावी म्हणून ते पायरीवर कोरलं, असं सांगतात. या लेखात देवाचं वर्णन नाही, भक्ती म्हणजे काय याचा खुलासा नाही, वाचणाऱ्याला उपदेशही नाही. कोण, कुठे आणि कोणत्या भावाने, एवढं कळतं. देवदर्शनाच्या फोटोखाली दोन ओळी लिहायला बसणाऱ्याने हा दगड एकदा आठवावा.

कारण आपण लिहितो ते साधारण असं असतं: ‘खंडेरायाच्या चरणी नतमस्तक होताना आलेली अलौकिक अनुभूती शब्दांत मांडता येत नाही! मनात श्रद्धा असेल तर जीवनात सर्व काही शक्य आहे!’ यात खोटं काही नाही. पण जेजुरीच्या जागी शिर्डी घातली आणि खंडेरायाच्या जागी साईबाबा, तरी एक अक्षर बदलावं लागत नाही. फोटोत घरातली नऊ माणसं पिवळी होऊन उभी आहेत, त्यांच्यातल्या एकाचाही पत्ता मजकुरात नाही. दुसरं वाक्य तर प्रवचनाचंच आहे. जिथे ‘मी गेलो’ संपतं आणि ‘माणसाने असं वागावं’ सुरू होतं, तिथे वाचणाऱ्याचं बोट पुढच्या फोटोकडे सरकतं.

हाच फोटो नीट पाहू. लग्नानंतर नवं जोडपं घेऊन कुटुंब कुलदैवताला, जेजुरीला गेलंय. रिवाजाप्रमाणे नवऱ्याने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढल्या आहेत. वर सदरेसमोर तळी भरली आहे: ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. पाच जणांनी ताम्हणाला हात लावून ते ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीनदा उचललं, मग खोबरं-भंडारा उधळला गेला. फोटो त्यानंतरचा आहे. तेव्हा ‘भंडाऱ्यात न्हाऊन निघालो’ असं लिहिण्यात अर्थ नाही, ते दिसतंच आहे. दिसत नाही तो आवाज, आणि मघाशी घडून गेलेली गोष्ट. म्हणून पहिला खर्डा असा होऊ शकतो: ‘जेजुरी. लग्नानंतरचं पहिलं दर्शन. तळी उचलताना सगळ्यांत मोठा आवाज आजीचा होता.’

या तीन वाक्यांत भक्ती हा शब्द नाही, तरी भक्ती कोणाची आणि किती ते कळतं. आता यात थोडी शांतता हवी असेल, तर ती विशेषणांनी येत नाही. ‘मन शांत झालं’ असं लिहिलं की ते सांगणं होतं. त्यापेक्षा उद्गारचिन्हं काढावीत, वाक्य भूतकाळात ठेवावं आणि शेवटी देवाची घोषणा एकदाच, पूर्णविरामासह लिहावी: ‘सदानंदाचा येळकोट.’ घोषणा हे त्या देवाचं स्वतःचं वाक्य आहे. ती लिहिली की आपल्याला वेगळं काही म्हणावं लागत नाही. हात जोडल्याचं एक चिन्ह चालेल. सहा जोडले की मात्र रांगेतली ढकलाढकली वाटते.

एखाद्या अभंगाची ओळ टाकण्याचा मोह सर्वांनाच होतो. ओळ गाथेतली आहे याची खात्री असेल तर टाकावी, पण तुकोबांच्या नावावर फिरणाऱ्या बऱ्याच ओळी तुकोबांच्या नसतात. शिवाय ओळ खरी असली तरी ती आपल्या फोटोपेक्षा इतकी मोठी असते, की खालची माणसं झाकली जातात. मला वाटतं, अभंग गाडीत म्हणावा आणि फोटोखाली आपलं लिहावं.

आपलं लिहायचं म्हणजे जे झालं ते लिहायचं, मनासारखं झालं नसलं तरी. पंढरपूरला आषाढीच्या गर्दीत पदस्पर्शाच्या रांगेला तासन्‌तास लागतात. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मुखदर्शनावर समाधान मानावं लागतं, कधी तेही होत नाही. अशा वेळी लोक ‘पांडुरंगाचं सुरेख दर्शन झालं’ असं लिहून मोकळे होतात. वास्तविक वारकरी कळसाच्या दर्शनाला कमी लेखत नाहीत, आणि नामदेव पायरीला डोकं टेकवून परतणारेही पुष्कळ असतात. ‘रांग फार होती. नामदेव पायरीला डोकं टेकवलं, कळस पाहिला आणि चंद्रभागेत पाय बुडवून निघालो. आई म्हणाली, झालं की दर्शन.’ यात तक्रार नाही आणि बढाईही नाही. ज्याने रांग पाहिली आहे त्याला हे लगेच पटतं.

नवसाच्या बाबतीत मात्र थोडं हात राखून लिहावं. ‘बोललेला नवस फेडला’ एवढं पुरे. नवस कशासाठी होता, सुनेच्या बाळंतपणासाठी की कोणाच्या आजारासाठी, हे फोटोखाली आलं की ज्याच्यासाठी नवस त्यालाच संकोच होतो. देवाला काय वाहिलं, किती तोळ्यांचं, हेही नको. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावून आलेली माणसं मनातला प्रश्न सांगत नाहीत, कौल उजवा झाला एवढंच सांगतात. मुंबईहून मंगेशीला किंवा कवळ्याला शांतादुर्गेला गेलेल्या कुटुंबाने तसंच लिहावं: ‘कौल उजवा मिळाला. देवीची कृपा.’ घरच्यांना अर्थ कळतो, बाहेरच्यांनी विचारू नये हेही कळतं.

अनेक देवळांत गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे असतात ते फोटो पायरीवरचे, दीपमाळेपाशी काढलेले, नाहीतर जेवणाच्या पंगतीतले. आतलं जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिण्याची जागा फोटोखालीच आहे. पण ‘तेजस्वी मूर्ती’ असं लिहिण्यापेक्षा एखादी बारीक गोष्ट धरावी: त्या दिवशी देवीला कोणत्या रंगाचं पातळ नेसवलं होतं, कोणत्या फुलांची वेणी होती, आरतीच्या वेळी पोचलो की नैवेद्याच्या. तुळजापूरला कल्लोळ तीर्थात हातपाय धुऊन आत गेलो आणि ओल्या पायांनीच दर्शन घेतलं, असं एक वाक्य लिहिलं तरी वाचणारा बरोबर आत येतो.

घरच्या गटावर फोटो टाकताना नावंही लिहावीत, डावीकडून उजवीकडे, नात्यासकट: थोरल्या आत्या, दादा, नवी वहिनी, मांडीवर बंड्या. तारीख लिहावी आणि जमल्यास तिथीही, कारण पुढच्या वेळी ‘आपण गेल्या खेपेला चंपाषष्ठीला गेलो होतो की त्याआधीच्या रविवारी?’ हा वाद हमखास होतो. बाहेरच्या लोकांसाठी टाकायचा फोटो असेल, तर लहान मुलांची नावं वगळावीत, आणि घराला कुलूप असल्याची वर्दी नको म्हणून तो परतल्यावर टाकावा. ‘काल जेजुरीला जाऊन आलो’ हे वाक्य ‘आत्ता जेजुरीत’पेक्षा लिहायलाही सोपं जातं, तोवर अंगावरचा भंडारा झटकून झालेला असतो आणि काय आठवतंय ते आपोआप निवडलं गेलेलं असतं.