एका अपूर्णांकात सहा दिवस

एखाद्या गावात दहापैकी आठ दिवस कोरडे जातात आणि दोन दिवस पाऊस पडतो, असे धरू. कोरडा दिवस ‘क’, पावसाचा ‘प’. सहा दिवसांची नोंद ‘कककपकक’ अशी आहे आणि ती ० व १ या बिटांत कमीत कमी जागेत साठवायची आहे.

यासाठीची जुनी रीत म्हणजे प्रीफिक्स संकेतन. त्यात प्रत्येक चिन्हाला स्वतःचा संकेत मिळतो आणि कोणताही संकेत दुसऱ्याची सुरुवात नसतो. त्यामुळे संकेत सलग लिहिले तरी वाचताना गोंधळ होत नाही. असे सर्वोत्तम संकेत कसे बांधायचे, हे डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली दाखवले. मात्र संकेत पूर्ण बिटांचाच असावा लागतो. ‘क’साठी ०, ‘प’साठी १ आणि नोंदीला सहा बिट, याहून चांगले इथे जमत नाही. क्लॉड शॅनन यांच्या १९४८च्या सिद्धांतानुसार मात्र अशा नोंदीत दिवसामागे सरासरी ०.७२ बिट एवढीच माहिती असते. दोन-दोन दिवसांच्या जोड्यांना संकेत दिले, तर सरासरी ०.७८ वर येते. पण गट मोठे करावेत तसा तक्ता फुगतो. दहा दिवसांच्या गटासाठी १०२४ संकेत लागतात.

अंकगणिती संकेतनात चिन्हांना वेगळे संकेत नसतातच. सगळ्या नोंदीसाठी मिळून ० ते १ मधला एकच अपूर्णांक शोधला जातो. सुरुवातीचा पल्ला ० ते १. त्याचा खालचा आठ-दशांश भाग ‘क’चा, वरचा दोन-दशांश ‘प’चा. जे चिन्ह येईल त्याचा भाग ठेवायचा आणि तोच पुन्हा त्याच प्रमाणात विभागायचा. पहिल्या ‘क’नंतर पल्ला ० ते ०.८ उरतो, दुसऱ्यानंतर ० ते ०.६४, तिसऱ्यानंतर ० ते ०.५१२. मग ‘प’ येतो. आता वरचा पंचमांश ठेवायचा, म्हणजे ०.४०९६ ते ०.५१२. पुढच्या दोन ‘क’नंतर उरतो ०.४०९६ ते ०.४७५१३६. ‘क’ने पल्ला थोडासाच आकसतो, ‘प’ने एकदम. नेहमीच्या चिन्हाला बिटाचा अंशच खर्च पडतो, तो यामुळे.

या पल्ल्यातला ०.४३७५ हा अपूर्णांक, म्हणजे सात-सोळांश, द्विमान पद्धतीत ०.०१११ असा लिहितात. तेव्हा ०१११ हे चार बिट पुरतात.

वाचणारा उलट जातो. ०.४३७५ हा ०.८ पेक्षा लहान, म्हणून पहिले चिन्ह ‘क’. ०.८ ने भागून ०.५४६९ मिळतो, पुन्हा ‘क’. पुढे ०.६८३६, तिसरा ‘क’. मग ०.८५४५ येतो, तो ०.८ च्या वर, म्हणून ‘प’. त्यातून ०.८ वजा करून ०.२ ने भागले की ०.२७२५ उरतो आणि शेवटचे दोन ‘क’ही तसेच निघतात. इथे थांबायचे, हे मात्र अपूर्णांक सांगत नाही; भागाकार अखंड चालू राहील. म्हणून चिन्हांची संख्या किंवा समाप्तीचे खास चिन्ह आधी ठरवावे लागते. नोंदीमागे लगेच दुसरे बिट येणार असतील, तर पुढे काहीही आले तरी पल्ल्याबाहेर न जाणारा ०१११० हा पाच बिटांचा संकेत लिहावा लागतो.

फायदा सरासरीचा आहे, प्रत्येक नोंदीचा नाही. सहाही दिवस पाऊस पडला, तर पल्ला ०.००००६४ एवढाच उरतो आणि चौदा बिट लागतात. प्रीफिक्सने सहातच भागते.

खरी अडचण मोजणीची. नोंद लांबली की पल्ला इतका अरुंद होतो की संगणकाच्या ठरावीक लांबीच्या संख्येत मावत नाही. त्यावरचा उपाय सुरेख आहे. पल्ला पूर्णपणे ०.५ च्या खाली आला, की पहिला बिट ० असणार हे पक्के. तो लिहून टाकायचा आणि पल्ला दुप्पट ताणायचा. वर असेल तर १ लिहायचा, अर्धा वजा करून ताणायचे. पण ‘प’नंतरचा आपला पल्ला ०.५ च्या दोन्ही बाजूंना पसरला आहे. पहिला बिट ठरत नाही, आणि पल्ला असाच मध्याभोवती आकसत राहिला तर मोजणी कोलमडते. असा पल्ला पाव ते पाऊण यांच्या आत असेल, तर तो मध्याभोवती ताणतात आणि किती वेळा ताणला ते मोजून ठेवतात. इथे दोनदा ताणावे लागते. पुढचा ‘क’ येताच पल्ला खालच्या अर्ध्यात जातो. मग ० लिहायचा आणि त्यामागे मोजून ठेवलेले दोन उलटे बिट, ११. झाले ०११.

ही रीत व्यवहार्य स्वरूपात १९७६ साली योर्मा रिसानेन आणि रिचर्ड पास्को यांनी स्वतंत्रपणे मांडली. जेपेग चित्रांच्या मानकात दोन्ही पद्धतींना जागा होती, पण अंकगणिती पद्धतीवर पेटंट असल्याने बहुतेकांनी हफमनच वापरले. एच.२६४ व्हिडिओ मानकात मात्र अंकगणिती संकेतन आहे.