औषधाच्या दुकानातील मुलाखत

औषधाच्या दुकानातील नोकरीसाठी डी.फार्म. किंवा बी.फार्म.ची प्रमाणपत्रे आणि राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी लागतेच. मुलाखतीत मात्र बहुधा समोर एक चिठ्ठी ठेवली जाते. समजा, सांधेवाताच्या आजीबाईंच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट 7.5 मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड आहे. उमेदवाराने आधी डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख आणि रुग्णाचे नाव पाहावे. मग मात्रेकडे यावे. मेथोट्रेक्सेट सांधेवातात आठवड्यातून एकदाच घेतात. चिठ्ठीवर ‘रोज एक’ असे दिसले, तर गोळ्या काढण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करणे हेच योग्य उत्तर.

पुढचा प्रश्न हमखास येतो: लिहिलेला ब्रँड नाही, त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची गोळी आहे, द्याल का? औषधे नियम, 1945 नुसार चिठ्ठीवरील औषधाऐवजी परस्पर दुसरे देता येत नाही. डॉक्टरांची संमती घ्यावी लागते. ‘गुण तोच आहे’ एवढ्यावर थांबणारा उमेदवार इथे अडकतो.

साठवणुकीत इन्सुलिनवर भर असतो. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला न टेकवता ठेवतात. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी टाकूनच द्यावे लागते. म्हणून फ्रिजमध्ये तापमापक हवा आणि त्याची रोजची नोंदही. गोळ्यांची स्ट्रिप कापताना बॅच क्रमांक व मुदतीची तारीख शिल्लक तुकड्यावर राहील, अशी कात्री चालवावी. ही बारीक सवय अनुभवी मालक लगेच हेरतो.

शेवटी मुलाखत घेणाराच आजीबाई होतो: “दोन्ही गोळ्या रोज सकाळी ना?” इथे नुसते “नाही” म्हणून भागत नाही. “आजी, ही गोळी आठवड्यातून एकदाच, फक्त रविवारी. इतर दिवशी नाही,” असे सांगून पाकिटावर ‘रविवार’ पूर्ण लिहावे. फॉलिक ॲसिडचे दिवस चिठ्ठीतून वाचून दाखवावेत. मग “समजलं का?” असे विचारू नये, त्याला सगळेच हो म्हणतात. “घरी सुनबाईंना कसं सांगाल?” असे विचारले, की गोंधळ असेल तर बाहेर पडतो. मागे रांग वाढली तरी आवाज चढवायचा नाही. आजीबाईंना बाजूला बसवून पुन्हा सांगायचे.

आणि आजीबाई म्हणाल्या, “चार दिवस रोजच घेतली की,” तर? तोंड आले आहे का, ताप आहे का, हे विचारावे. पण त्रास नसला तरी पुढची गोळी थांबवायला सांगून तिथूनच डॉक्टरांना फोन लावावा आणि त्यांना लगेच रुग्णालयात पाठवावे. रक्तपेशी कमी होण्याचा धोका लक्षणे दिसण्यापूर्वीच सुरू झालेला असू शकतो.