पहिला विवाह कायम असताना दुसरा संसार : पत्नी कोण, वारस कोण?

व्यापारी घरात कर्त्या पुरुषाचे निधन होते. तेराव्यानंतर बँकेतील लॉकर, दुकानाचा भाडेकरार, शेअर्स, विम्याची रक्कम यांची जुळवाजुळव सुरू होते आणि अशा वेळी कधी कधी दुसऱ्या गावाहून एक स्त्री आपल्या मुलासह येते. तिच्याजवळ विवाहाची छायाचित्रे असतात, मुलाच्या जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव असते. आपण विधिवत पत्नी आहोत, अशी तिची प्रामाणिक समजूतही असते. कुटुंबातील ज्येष्ठ तिला ‘काहीतरी देऊन’ परत पाठविण्याच्या विचारात असतात. या ‘काहीतरी’चे नेमके मोजमाप कायद्याने केलेले आहे, आणि ते दोन्ही बाजूंच्या अपेक्षेहून वेगळे आहे.

प्रारंभी एका शंकेचे निरसन आवश्यक आहे. २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे हिंदू विवाह कायदा आपल्याला लागू नाही, असा समज काही घरांत रुजला आहे. इंदूरच्या कुटुंब न्यायालयानेही २०२५ च्या प्रारंभी तसाच निष्कर्ष काढला होता. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो रद्द केला. १९५५ च्या या कायद्याच्या दुसऱ्या कलमातच बौद्ध, जैन आणि शीख यांचा नामोल्लेख आहे. वारसा कायद्याचेही तसेच.

या कायद्यानुसार विवाहसमयी वर किंवा वधू यांपैकी कोणाचाही आधीचा जोडीदार हयात असता कामा नये, आणि असल्यास दुसरा विवाह मुळातच शून्य ठरतो. पहिल्या पत्नीने संमती लिहून दिली, ती माहेरी जाऊन वीस वर्षे झाली, पंचांसमक्ष मुद्रांक कागदावर सोडचिठ्ठी झाली, यांपैकी कशानेही फरक पडत नाही. ज्ञातीत रूढीने घटस्फोट मान्य असल्यास कायदा त्याला अपवाद करतो खरा. परंतु अशी रूढी प्राचीन व अखंड आहे हे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते, आणि मुद्रांक कागदावर विसंबलेली बहुतेक माणसे येथेच अडखळतात. फौजदारी बाजू स्वतंत्र आहे. भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमान्वये द्विभार्या गुन्ह्यास सात वर्षांपर्यंत कारावास आहे. पहिला विवाह दडवून ठेवला असल्यास दहा वर्षांपर्यंत.

आता दुसऱ्या स्त्रीचा विचार करू. वारसा कायद्यातील ‘विधवा’ या शब्दात ती बसत नाही. पती मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या मिळकतीत तिला वाटा नाही. पॉलिसीवर किंवा शेअर्सच्या खात्यावर नामनिर्देशित म्हणून तिचे नाव असले तरी तेवढ्याने ती मालक होत नाही; शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे २०२३ साली पुन्हा स्पष्ट केले. पोटगीचा प्रश्न मात्र हळूहळू तिच्या बाजूने सरकला आहे. १९८८ साली यमुनाबाई आढाव प्रकरणात, विवाहच शून्य असल्याने पोटगी नाही, असा निर्णय झाला. २०१३ साली बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे या खटल्यात न्यायालयाने निराळी वाट धरली : ज्याने पहिला विवाह लपवून स्त्रीला फसविले, त्याला स्वतःच्याच लबाडीचा लाभ घेऊ दिला जाणार नाही. विवाह शून्य ठरविला गेला तरी न्यायालय परिस्थिती पाहून निर्वाहाची रक्कम मंजूर करू शकते, हे २०२५ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मान्य केले. माझ्या मते हा न्याय उशिरा आला. पण पोटगी म्हणजे वारसा नव्हे, हा भेद सोडू नये.

मुलांची स्थिती याहून बळकट आहे. विवाह शून्य असला तरी त्यातून झालेले अपत्य सोळाव्या कलमानुसार औरस मानले जाते. त्याच कलमाची मर्यादा अशी, की त्याचा हक्क केवळ आईवडिलांच्या मिळकतीत. काका, आजोबा यांच्या मिळकतीत नाही. मग वडिलांचा हिंदू अविभक्त कुटुंबातील हिस्सा ‘वडिलांची मिळकत’ म्हणावा की नाही? यावर अनेक वर्षे मतभेद होते. १ सप्टेंबर २०२३ रोजी रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या खटल्यात त्याचा निकाल लागला. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटणी झाली असे कल्पावे, त्यात वडिलांच्या वाट्याला जे येईल तेवढ्यात या अपत्याला इतर मुलांइतकाच भाग द्यावा. ते जन्मतः सहदायाद होत नाही. म्हणून वडील हयात असताना वाटणी मागू शकत नाही.

एक कल्पित उदाहरण आकड्यांत मांडू. एका व्यापाऱ्यामागे पहिली पत्नी, तिचा एक मुलगा व एक मुलगी, आणि दुसऱ्या स्त्रीचा एक मुलगा आहे. व्यापाऱ्याची आई हयात नाही, मृत्युपत्र नाही. वडिलोपार्जित वाडा व पेढी मिळून २ कोटींची. कल्पित वाटणीत व्यापारी, पत्नी, मुलगा, मुलगी अशा चौघांना प्रत्येकी ५० लाख. आता व्यापाऱ्याचे ५० लाख वारसांत जातील. वारस चार : पहिली पत्नी, तिची दोन अपत्ये आणि दुसरा मुलगा. प्रत्येकी साडेबारा लाख. म्हणजे पहिल्या घरातील तिघांना प्रत्येकी साडेबासष्ट लाख, दुसऱ्या मुलाला साडेबारा लाख. व्यापाऱ्याने स्वकष्टाने घेतलेले ८० लाखांचे दुकान मात्र या चौघांत सरळ समान, प्रत्येकी २० लाख. दुसऱ्या मुलाची एकूण बेरीज साडेबत्तीस लाख. त्याच्या आईला दोन्हींकडे शून्य.

येथे एक विलक्षण पेच उद्भवतो. द्विभार्येचा गुन्हा सिद्ध होण्यास दुसरा विवाह योग्य विधींनी झाला हे दाखवावे लागते. भाऊराव लोखंडे प्रकरणात, १९६५ साली, विधी सिद्ध न झाल्याने आरोप टिकला नाही. मुलाला सोळाव्या कलमाचा आधार हवा असेल तरीही विवाह झाला होता हेच दाखवावे लागते. म्हणून मृताचे नातलग अनेकदा ‘विवाह झालाच नव्हता, केवळ ओळख होती’ असे म्हणतात. तेवढ्याने आईचे नुकसान फारसे वाढत नाही, पण मुलाचा आधार जातो. सप्तपदीची छायाचित्रे, निमंत्रणपत्रिका, विधी सांगणारे गुरुजी, उपस्थित साक्षीदार, शाळेच्या दाखल्यावरील वडिलांचे नाव हे सारे मुलासाठी जपावे लागते.

ज्याला दुसऱ्या स्त्रीची सोय करायची असेल, त्याच्यापुढे मृत्युपत्राचा मार्ग आहे. स्वकष्टार्जित मिळकत आणि अविभक्त कुटुंबातील स्वतःचा हिस्सा तो तिच्या नावे लिहू शकतो. मृत्युपत्रात ‘माझी पत्नी’ एवढेच लिहू नये; तिचे पूर्ण नाव, पत्ता आणि देणगीची मिळकत स्पष्ट नमूद करावी, अन्यथा ‘पत्नी’ कोण यावरच दावा उभा राहतो.

आणि ज्यांचा घटस्फोट न्यायालयातून झाला आहे, त्यांनीही हुकूमनामा हाती पडताच मुहूर्त धरू नये. अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. ती संपेपर्यंत, किंवा अपील झाल्यास ते फेटाळले जाईपर्यंत, पंधरावे कलम पुनर्विवाहास मोकळीक देत नाही. स्थळ सांगून आलेल्या कुटुंबाने हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागावी आणि त्यावरील तारखेपासून दिवस मोजावेत.