नकाशाचा फोटो, पलंग आणि कपाट

नव्या फ्लॅटचा नकाशा बहुतेकदा मोबाईलवर फोटोच्या रूपाने हाती येतो. त्यावरच पलंग-कपाट ठरवायचे तर आधी फोटो खरा आहे की तिरका, हे पाहावे लागते. कागद वाकलेला किंवा मोबाईल कललेला असला की खोलीची एक बाजू आखडते.

समजा, बेडरूम नकाशावर ११ फूट बाय ९ फूट लिहिली आहे. फोटोची प्रिंट काढून पट्टीने मोजा. ११ फुटांची भिंत ८८ मिलिमीटर भरली, म्हणजे एका फुटाला ८ मिलिमीटर. मग ९ फुटांची भिंत ७२ भरायला हवी. ती ६८ भरली, तर फोटो तिरका आहे. कागद सपाट ठेवून, मोबाईल बरोबर वर धरून पुन्हा फोटो घ्या. ताबा मिळालेला असेल तर टेपने खोलीही मोजा, कारण गिलाव्यामुळे जागा थोडी कमी भरू शकते.

आता त्याच मापाने जाड कागदाचे तुकडे कापा. साडेसहा बाय पाच फुटांचा पलंग ५२ बाय ४० मिलिमीटर, पाच बाय दोन फुटांचे कपाट ४० बाय १६ आणि तीन बाय दीड फुटांचे अभ्यासाचे टेबल २४ बाय १२. अडीच फुटी दार उघडताना किती जागा घेते, तीही कमान आखा.

दार ९ फुटांच्या भिंतीच्या एका टोकाला आणि खिडकी समोरच्या भिंतीत आहे असे धरू. पलंगाची उशाची बाजू दारापासून दूर असलेल्या ११ फुटी भिंतीला लावा. पायथ्याशी अडीच फुटांची वाट राहते आणि ती सरळ दारापाशी जाते. कपाट दाराच्याच भिंतीला, उशाकडच्या कोपऱ्यात. कपाट व पलंग यांत दोन फूट सोडले की कपाटाची दारे उघडतात. पलंग आणि खिडकीच्या भिंतीतही दोन फूट उरतात. टेबल खिडकीखाली, वाटेच्या टोकाला ठेवा. खुर्ची वाटेत बसते आणि उजेड समोरून येतो.

एक अडचण मात्र राहते. मुलासाठी पलंगाखालून ओढून काढायचा दुसरा पलंग घेतला, तर त्याला सुमारे तीन फूट मोकळे हवेत, आणि इथे कुठल्याच बाजूला तेवढी जागा नाही. त्याचा पलंग हॉलमध्येच लावावा लागेल.

खोलीचे दार पायथ्याच्या भिंतीकडे उघडणारे हवे. बिजागरी उलट बाजूला असेल, तर उघडे दार कपाटाकडे जाणारी वाट अडवते. नकाशात स्विचबोर्ड आणि बीम बहुधा दाखवलेले नसतात. म्हणून सुताराला माप देण्याआधी जागेवर जाऊन जमिनीवर खडूने पलंग, कपाट आणि टेबल आखा, आणि घरच्यांना त्या रेघांमधून चालून पाहू द्या.